प्रॉब्लेम नाही, रिस्क आहे

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून परदेशी क्लायंटला जे स्टेटस रिपोर्ट जातात, त्यांतल्या एखाद्यात ‘प्रॉब्लेम’ हा शब्द सापडला तर मला जरूर कळवा. लिहिणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. म्हणजे त्या माणसाची नोकरी तोवर टिकली असेल तर.

बोलण्यात हा शब्द आम्ही मिनिटाला तीनदा वापरतो. कँटीनमध्ये चहाच्या रांगेत उभं राहिलं की पार्किंगचा प्रॉब्लेम, कॅबचा प्रॉब्लेम, सर्व्हरचा प्रॉब्लेम आणि त्या सर्व्हरकडे बघणाऱ्या माणसाचा तर कायमचाच प्रॉब्लेम, असं सगळं कानावर येतं. तोच माणूस चहा संपवून चौथ्या मजल्यावर जातो, रिपोर्टचं टेम्प्लेट उघडतो आणि पाच मिनिटांत सर्व्हर ठणठणीत होतो. आता तिथे फक्त एक ‘ऑब्झर्वेशन’ असतं, त्यावर आमचं ‘बारकाईने लक्ष’ असतं आणि पलीकडच्या रकान्यात पिवळा ठिपका असतो.

माझं काम असे रिपोर्ट गोळा करून त्यांचा एक मोठा रिपोर्ट करण्याचं आहे. त्यामुळे या शब्दांशी माझी रोजची उठबस आहे. बाहेरच्यांना वाटतं की ही सगळी एकाच गोष्टीची नावं असावीत आणि आम्ही ती आलटून पालटून वापरतो. तसं नाही. प्रत्येक शब्दाला आपलं स्वतःचं काम नेमून दिलेलं आहे आणि मुळात ते काम चांगलं आहे. रिस्क म्हणजे जे अजून घडलेलं नाही, घडेल की नाही हे नक्की नाही, पण घडलं तर निस्तरावं लागेल. इश्यू म्हणजे जे घडलेलं आहे. ब्लॉकर म्हणजे ज्याच्यामुळे कुणाचं तरी काम आत्ता, या क्षणी थांबलं आहे. सेटबॅक म्हणजे ज्याची किंमत मोजून झाली आहे, तारीख गेलेली आहे आणि आता फक्त सांगायचं बाकी आहे. हे चार शब्द ज्याच्या त्याच्या जागी बसवले तर वाचणाऱ्याला बरोबर कळतं की आपण पैसे द्यायचे, माणूस द्यायचा, निर्णय द्यायचा की नुसता सुस्कारा सोडायचा.

पण ते ज्याच्या त्याच्या जागी बसत नाहीत. का बसत नाहीत, हे एका नोंदीच्या आयुष्यावरून सांगतो. आमच्या रिस्क रजिस्टरमध्ये तिचा क्रमांक होता 41.

क्लायंट ब्रिटनमधला, ऑनलाइन फर्निचर विकणारा. गिऱ्हाईक साइटवर सोफा निवडतो, पेमेंट गेटवेवर जाऊन पैसे भरतो आणि मग गेटवे आमच्या सर्व्हरला हाक मारून सांगतो की पैसे आले, ऑर्डर पक्की करा. ही हाक सुरक्षित असावी म्हणून आमच्या सर्व्हरवर एक सर्टिफिकेट असतं. त्याला मुदत असते. मुदत संपली की गेटवे आमच्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचं बंद करतो आणि हाक मारायचीही बंद करतो. पैसे जातात, ऑर्डर मात्र लटकते.

फेब्रुवारी 2024 मध्ये टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने, कुणी सांगितलेलं नसताना, त्या सर्टिफिकेटची मुदत तपासली. हल्ली असे लोक दुर्मिळ झालेत. तिने ही एक ओळ चालवली:

```
openssl x509 -enddate -noout -in callback.pem
```

आणि स्क्रीनवर उत्तर आलं:

```
notAfter=May 31 23:59:59 2024 GMT
```

इतकं स्वच्छ उत्तर प्रकल्पात सहसा कुणी देत नाही. तारीख आहे, वेळ आहे, सेकंदसुद्धा आहेत. भारतीय वेळेप्रमाणे शनिवार, 1 जून, पहाटे साडेपाचला एक सेकंद कमी. तिने मॅनेजरना मेल केलं की एकतीस मेनंतर पेमेंटला प्रॉब्लेम येणार आहे.

मॅनेजर तिच्या डेस्कपाशी गेले. माणूस प्रेमळ. म्हणाले, “अगं, प्रॉब्लेम नको लिहूस. क्लायंट घाबरतो. रिस्क लिही.”

“पण सर, रिस्क म्हणजे होईल किंवा होणार नाही असं ना? हे तर होणारच आहे.”

“म्हणून तर रिस्क. आपण मिटिगेट करू.”

झालं. नोंद क्रमांक 41 जन्माला आली. पण रजिस्टरमध्ये नुसतं नाव लिहून भागत नाही, गुण द्यावे लागतात. संभाव्यतेला एक ते पाच, परिणामाला एक ते पाच आणि दोन्हींचा गुणाकार. परिणामाला पाच देण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण पैसे घेऊन ऑर्डर न घेणं याला कुठल्याही व्यापारात चार म्हणत नाहीत. उरली संभाव्यता. आता एकतीस मे ही तारीख उगवण्याची संभाव्यता किती, असं तुम्ही शाळेतल्या पोराला विचारलंत तर ते तुमच्याकडेच संशयाने बघेल. पण आमच्याकडे बारा किंवा त्याहून जास्त गुणांची रिस्क क्लायंटच्या सुकाणू समितीपुढे ठेवायचा नियम होता. तीन दिले की तीन पंचे पंधरा आणि समिती. दोन दिले की दोन पंचे दहा आणि शांतता. म्हणून दोन. त्या वर्षीचा मे महिना एकतीस तारखेपर्यंत पोचण्याची शक्यता हिंजवडीत ‘कमी’ अशी नोंदवली गेली.

सगळ्या गंमतीचं मूळ या गुणाकारात आहे, असं मला वाटतं. लोक समजतात की रिपोर्ट लिहिणारे शब्द मऊ करतात. शब्द मऊ होतात ते नंतर. आधी ठरतं की ही गोष्ट कुणापर्यंत पोचू द्यायची नाही. मग त्या मजल्याच्या खाली बसेल असा आकडा शोधला जातो आणि आकड्याला शोभेल असा शब्द. संभाव्यतेचा दोन हा अंदाज नव्हताच, तो पत्ता होता.

पुढे मिटिगेशनचा रकाना आला. त्यात काय लिहावं? खरी कामं तीन होती. आम्ही नव्या सर्टिफिकेटसाठी विनंतीची फाइल तयार करायची. ती क्लायंटच्या सिक्युरिटी टीमने मंजूर करून सर्टिफिकेट विकत घ्यायचं. आणि नवं सर्टिफिकेट गेटवेवाल्यांकडे आधी नोंदवायचं, ज्याला ते कामाचे दहा दिवस घेतात. पहिलं काम अर्ध्या तासाचं, ते मुलीने त्याच दिवशी केलं. दुसरं क्लायंटच्या हातात. म्हणून रकान्यात लिहिलं गेलं की ‘संबंधितांकडे पाठपुरावा चालू आहे’. मालकाच्या रकान्यात, म्हणजे ही रिस्क कुणाची हे लिहायच्या जागी, ‘क्लायंट आणि टीम’. दोघांच्या मालकीच्या गोष्टीचं काय होतं हे भाऊबंदकीचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

मार्च गेला, एप्रिल गेला. दर शुक्रवारी नोंद 41 तशीच, पिवळी, दहा गुणांची. एका आठवड्यात तिच्यापुढे ‘पिवळी, हिरव्याकडे वाटचाल’ असा शेराही आला. कुठून आली ही वाटचाल? सिक्युरिटी टीममधून कुणीतरी “बघतो” असं उत्तर पाठवलं होतं.

आता जरा कॅलेंडर काढा. गेटवेला कामाचे दहा दिवस लागतात. मागे मोजत या. मधे दोन शनिवार-रविवार आणि 27 मेची इंग्लंडमधली बँक सुट्टी. म्हणजे नवं सर्टिफिकेट गुरुवारी 16 मेच्या आत गेटवेच्या हाती पडायला हवं. तो गुरुवार गेला. सर्टिफिकेट अजून विकतच घेतलेलं नव्हतं. त्या गुरुवारी आकाशातून काही पडलं नाही, साइट चालू होती, सोफे विकले जात होते. पण नेहमीच्या रस्त्याने वाचण्याची शेवटची संधी त्या संध्याकाळी संपली होती. माझ्या मते 41 ही नोंद रिस्कची इश्यू झाली ती त्या दिवशी. अपघात होतो त्या दिवशी नव्हे, तर टाळण्याचा शेवटचा दिवस जातो त्या दिवशी. आणि हा दिवस कुठल्याच टेम्प्लेटमध्ये नसतो. त्यासाठी रकानाच नाही. असता तर कुणी भरला असता का, हा प्रश्न वेगळा.

त्या मुलीला मात्र हे कळलं होतं. सतरा तारखेच्या सकाळच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे जिथे सगळे पंधरा मिनिटं उभ्याने काल काय केलं, आज काय करणार आणि काय अडलंय हे सांगतात, तिथे ती म्हणाली, “सर्टिफिकेट माझ्यासाठी ब्लॉकर आहे.”

इथे ब्लॉकर या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या कुटुंबातला तो सगळ्यात तिखट सदस्य आहे. बग नोंदवण्याच्या जुन्या पद्धतींत, बगझिलात आणि पूर्वीच्या जिरात, तो गंभीरपणाच्या यादीत सर्वात वर बसायचा, क्रिटिकलच्याही वर. स्क्रमच्या पुस्तिकेत तो याच नावाने नाही, तिथे ‘इम्पेडिमेंट’ असा सभ्य शब्द आहे, पण सकाळी साडेनऊला इम्पेडिमेंट म्हणायची ताकद कुणात असते? तर ब्लॉकरची खुबी अशी की बाकी सगळे शब्द कर्त्याशिवाय चालतात. रिस्क असते, इश्यू येतो, सेटबॅक बसतो. ब्लॉकरला मात्र ‘कुणी अडवलंय?’ हा प्रश्न लगेच चिकटतो. समोरच्याचं नाव घेतल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. म्हणून हाताखालच्यांना तो प्रिय आणि वरच्यांना नकोसा. अर्थात त्याचाही गैरवापर होतो. ज्याला दुपारी मॅच बघायची आहे त्याला सकाळी एखादा ब्लॉकर हमखास सापडतो. लॉगिन मिळालं नाही, डेटा आला नाही, पलीकडच्या टीमने उत्तर दिलं नाही. रिकामं बसण्याला इतकं प्रतिष्ठित नाव दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत असेल असं वाटत नाही.

पण हिचा ब्लॉकर खरा होता. मॅनेजर म्हणाले, “ब्लॉकर नको म्हणूस. तुझी बाकीची कामं चालू आहेत ना? मग डिपेंडन्सी म्हण.” डिपेंडन्सी म्हणजे ब्लॉकरचे दात काढून ठेवलेले रूप. आपण कुणावर तरी अवलंबून आहोत, इतकंच. अवलंबून तर सगळेच असतात. त्या शुक्रवारी रिपोर्टमध्ये नोंद 41 पूर्वीसारखीच पिवळी राहिली, फक्त डिपेंडन्सीच्या पानावर तिची एक जुळी बहीण दिसू लागली.

31 मे हा शुक्रवार होता. संध्याकाळी साडेसहाला रिपोर्ट गेला. एकूण स्थिती हिरवी. रिस्क 41, संभाव्यता दोन, पाठपुरावा चालू. त्यानंतर अकरा तासांनी, पहाटे साडेपाचला, गेटवेने हाक मारायचं बंद केलं.

शनिवारचा दिवस ब्रिटनमध्ये सोफे घेण्याचा. दुपारपर्यंत शेकडो लोकांचे पैसे गेले होते आणि ऑर्डरींपुढे ‘पेंडिंग’ होतं. आता याला काय म्हणावं? रिस्क म्हणता येईना, कारण आजवरची सगळी व्याकरणं तिथे संपली होती. इश्यूसुद्धा कमी पडला. तो झाला ‘इन्सिडेंट’, प्राधान्य क्रमांक एक. इन्सिडेंट झाला की मग मात्र सगळे जागे होतात आणि हे मला नेहमी थक्क करतं. ज्या सिक्युरिटी टीमला तीन महिने वेळ नव्हता त्यांनी दोन तासांत सर्टिफिकेट विकत घेतलं. ज्या गेटवेला दहा दिवस लागत होते त्यांनी रविवारी दुपारी ते नोंदवून दिलं. मुलगी दोन्ही दिवस ऑफिसात होती. तिचं बाकी कुठलंच काम चालू नव्हतं, पण तेव्हा ब्लॉकर म्हणायची गरजही उरली नव्हती.

सोमवारी समितीपुढे स्लाइड गेली, तीत शब्द होता सेटबॅक. ‘पेमेंट पुष्टीकरणात तात्पुरता सेटबॅक, पूर्णपणे निवारण’. सेटबॅक हा फार समजूतदार शब्द आहे. तो नेहमी भूतकाळात येतो आणि ‘तात्पुरता’ किंवा ‘किरकोळ’ यांपैकी एकाला हाताशी धरूनच येतो. पुढल्या महिन्यात मोठा सेटबॅक येणार आहे असं कुणी लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. त्याच्या मागोमाग मूळ कारणाचा अहवाल आला. मूळ कारण: सर्टिफिकेटची मुदत संपली. हे म्हणजे माणूस का गेला तर श्वास थांबला म्हणून, पण अहवाल मंजूर झाला.

मग जून महिन्याच्या शेवटी आराखड्यातल्या सगळ्या तारखाच नव्याने ठरवण्यात आल्या. याला री-बेसलाइन म्हणतात. जी कामं मागे पडली होती ती नव्या तारखांच्या मानाने वेळेवर झाली आणि सबंध पान हिरवंगार झालं. आमच्या धंद्यात अशा रिपोर्टला कलिंगड म्हणतात, वरून हिरवं आणि आतून लाल. जगभर हाच शब्द आहे, ही आमची कल्पकता नाही.

जगभर तो असण्याचं कारण म्हणजे हा आजार काही पुण्याच्या पाण्यातला नाही. अॅलन मुलाली 2006 मध्ये बोइंग सोडून फोर्डचे प्रमुख झाले, तेव्हा कंपनी त्या एका वर्षात बारा अब्ज डॉलरहून जास्त तोटा करण्याच्या वाटेवर होती. दर गुरुवारच्या बैठकीत सगळ्या विभागप्रमुखांनी आपापले रंगीत तक्ते आणायचे, असा नियम त्यांनी घातला. तक्ते आले. सगळे हिरवे. मुलालींनी विचारलं की आपण अब्जावधी डॉलर घालवतोय, मग काहीच बिघडलेलं कसं नाही? पुढे एकदा मार्क फील्ड्स यांनी एज नावाच्या नव्या गाडीपुढे लाल रंग लावला. गाडी बाजारात जायला तयार होती, पण तिच्यात एक दोष निघाल्यामुळे ती थांबवावी लागली होती. खोलीत शांतता पसरली. आता हा माणूस गेला, असं बाकीच्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, याला कोण मदत करू शकेल? लगेच दोघा-तिघांनी हात वर केले. पण खरी मजा त्यानंतरची आहे. एकाने लाल रंग वापरल्याबरोबर सगळे शहाणे झाले असं नाही. पुढच्या बैठकांत फील्ड्स अजून खुर्चीवर आहेत, हे लोकांनी आधी पाहून घेतलं आणि मग हळूहळू तक्ते लाल-पिवळे होऊ लागले.

ही गोष्ट व्यवस्थापनाच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. आमच्याकडेही एका हॉटेलात जेवणासकट सांगितली गेली. त्यानंतर टाळ्या वाजवायची पद्धत आली, लाल रंग मात्र आला नाही. उलट छटा वाढल्या. त्यातही आम्ही पहिले नाही. ब्रिटिश सरकारच्या मोठ्या प्रकल्पांच्या मूल्यमापनात कितीतरी वर्षं हिरवा, पिवळा-हिरवा, पिवळा, पिवळा-लाल आणि लाल असे पाच रंग होते, नंतर ते तीन केले. पाच रंगांची सोय असली की माणूस लालपर्यंत जातच नाही, वाटेत मुक्कामाला इतकी चांगली ठिकाणं असतात.

‘चॅलेंज’, ‘कन्सर्न’, ‘गॅप’, ‘अपॉर्च्युनिटी फॉर इम्प्रूव्हमेंट’ यांबद्दल मी मुद्दाम लिहीत नाही. यांना काही अर्थच नाही. त्यांच्यापुढे तारीख लावता येत नाही, मालक लावता येत नाही आणि ती कधी संपली हेही सांगता येत नाही. एखाद्या रिपोर्टमध्ये चॅलेंज दिसलं की मी ते खोडून दोनच प्रश्न परत पाठवतो: झालंय की व्हायचंय? आणि वाचायचा शेवटचा दिवस कोणता? पहिल्याचं उत्तर बहुधा येतं. दुसऱ्यावर फोन येतो, “जरा बोलायचं होतं.”

ती मुलगी अजून आमच्याकडेच आहे, आता टीम लीड. तिच्या रजिस्टरमध्ये रिस्कपुढे संभाव्यतेच्या शेजारी एक जास्तीचा रकाना आहे. त्यात फक्त एक तारीख असते, त्या गुरुवारसारखी. ती उलटली की नोंद आपोआप इश्यूच्या पानावर जाते, कुणाला विचारत नाही. वरून दोनदा विचारणा झाली की हा रकाना टेम्प्लेटमध्ये का नाही. ती म्हणाली, तुम्ही घाला. अजून घातलेला नाही.

घालायला मात्र हवा, आणि लवकर. ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणारे यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल 2025 मध्ये मुदत टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं आहे. पूर्वी ती 398 दिवसांपर्यंत असे. मार्च 2026 पासून 200, मार्च 2027 पासून 100 आणि मार्च 2029 पासून 47 दिवस. म्हणजे ज्यांनी हे काम यंत्रावर सोपवलेलं नाही, त्यांच्याकडे नोंद क्रमांक 41 वर्षातून सात-आठ वेळा जन्माला येणार आहे. तिची संभाव्यता काय लिहायची ते आत्ताच ठरवून ठेवा.